धंदा एकरकमी विकावा की सुटा सुटा?

*आमचं प्लास्टिकचे डबे आणि झाकणं बनवण्याचं युनिट १६ वर्षांपासून माझ्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरी आहे. मुलांना यात रस नाही. एक कंपनी सगळं घ्यायला तयार आहे. बँकेचं कर्ज आणि व्यापाऱ्यांची देणी ते अंगावर घेणार आणि वर मला ४ कोटी देणार, त्यातले ५० लाख वर्षभराने. त्यांचा सल्लागार म्हणतो, जमीन, शेड, मशिनरी, माल यांची वेगवेगळी किंमत लावून बिलं करू. माझे सीए म्हणतात, तसं करू नका, स्लम्प सेल करा. पैसे तेवढेच मिळणार असतील तर कराचा फरक पडतोच कसा? आणि पडत असेल तर किती? ताळेबंद सोबत जोडला आहे. — एक लघुउद्योजक*

तुमचे सीए बरोबर सांगताहेत, निदान तुमच्या ताळेबंदावरून तरी. प्रत्येक धंद्याला हेच उत्तर लागू पडत नाही, म्हणून हिशोब पूर्ण मांडून दाखवतो. एकदा आकडे समोर आले की उद्या खरेदीदाराने किंमत किंवा अटी बदलल्या तरी तुम्हाला स्वतःला अंदाज बांधता येईल.

स्लम्प सेल म्हणजे चालू धंदा जसा आहे तसा, मालमत्ता आणि देण्यांसकट, एकाच ठोक किमतीला देणं. यातल्या कुठल्याही एका वस्तूला वेगळी किंमत लावायची नाही, ही त्याची अट आहे. १९९९ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ५०बी आणलं आणि अशा विक्रीवरचा कर कसा काढायचा हे ठरवून दिलं. त्याआधी ठोक विक्रीत ‘या संपूर्ण धंद्याची मूळ किंमत किती?’ याचंच उत्तर सापडत नसे आणि मूळ किंमत ठरत नाही म्हणून नफ्यावर कर बसत नाही, असा युक्तिवाद न्यायालयात टिकतही असे. आता धंद्याची मूळ किंमत म्हणजे त्याचं पुस्तकी नक्त मूल्य, म्हणजेच नेटवर्थ. (मी इथे १९६१ च्या कायद्यातले कलम क्रमांक वापरतो आहे, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे आहेत, ते सीएंकडून पाहून घ्या.)

तुमच्या ताळेबंदात जमीन ४० लाखांना आहे, ती २०१०-११ मध्ये घेतलेली. शेड घसारा वजा जाता १५ लाख, मशिनरी घसारा वजा जाता ६० लाख, माल ५० लाख, येणी ७० लाख. बेरीज २ कोटी ३५ लाख. त्यातून बँकेचं कर्ज ८० लाख आणि व्यापाऱ्यांची देणी ४५ लाख वजा केली की नेटवर्थ उरतं १ कोटी १० लाख. ठोक किंमत ४ कोटी, म्हणून नफा २ कोटी ९० लाख. युनिट १६ वर्षं जुनं असल्यामुळे हा सगळाच्या सगळा नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो आणि त्यावर १२.५ टक्के दराने ३६ लाख २५ हजार कर येतो. अधिभार आणि उपकर तूर्त बाजूला ठेवतो.

इथे दोन बारकावे. मशिनरी आणि शेडचा आकडा तुमच्या हिशोबाच्या वहीतला नव्हे, आयकराच्या घसारा तक्त्यातला धरायचा असतो. प्रोप्रायटरी धंद्यात बहुधा दोन्ही एकच असतात, तुमच्याकडेही तसंच दिसतंय. दुसरं, जमिनीचं पुनर्मूल्यांकन करून पुस्तकात किंमत फुगवली असेल तर ती वाढ इथे मोजली जात नाही. गेल्या वर्षी बँकेसाठी काढलेला मूल्यांकन अहवाल या कामाला उपयोगी पडणार नाही.

आता खरेदीदाराच्या सल्लागाराचा रस्ता बघू. तो देणी उचलून वर ४ कोटी देणार, म्हणजे मालमत्तेची एकूण किंमत तो ५ कोटी २५ लाख धरतोय. बाजारभावाच्या आसपास ती अशी वाटली जाईल: जमीन दीड कोटी, शेड ३० लाख, मशिनरी १ कोटी ३० लाख, माल ५५ लाख, येणी ७० लाख आणि उरलेले ९० लाख तुमच्या नावाचे, गिऱ्हाइकांचे, म्हणजे गुडविलचे. जमिनीचा आणि शेडचा सरकारी दरही एवढाच आहे असं मी धरलंय.

जमिनीवर नफा १ कोटी १० लाख. शेडवर १५ लाख, मशिनरीवर ७० लाख, मालावर ५ लाख, येण्यांवर काही नाही. गुडविल तुम्ही विकत घेतलेलं नाही, धंदा करता करता ते तयार झालं, म्हणून कायदा त्याची मूळ किंमत शून्य धरतो आणि ९० लाख पूर्ण नफ्यात जातात. बेरीज करून बघा: २ कोटी ९० लाख. मघाचाच आकडा. तुमची शंका इथपर्यंत अगदी रास्त होती, नफा दोन्हीकडे पैशापर्यंत सारखाच आहे. फरक आहे तो नफा कोणकोणत्या खात्यात पडतो यात.

जमीन आणि गुडविल मिळून २ कोटींचा नफा दीर्घकालीन. त्यावर १२.५ टक्क्यांनी २५ लाख. पण शेड आणि मशिनरीवर तुम्ही इतकी वर्षं घसारा घेतला आहे आणि अशा मालमत्तेचा नफा कलम ५० प्रमाणे अल्पकालीन मानला जातो, मग मशीन तुमच्याकडे १६ वर्षं असो की १६ महिने. त्यात मालावरचा धंद्याचा नफा मिळवला की ९० लाख होतात. तुमचं एरवीचं उत्पन्न वरच्या टप्प्यात असल्याने हे ९० लाख थेट ३० टक्क्यांत जातात, कर २७ लाख. दोन्ही मिळून ५२ लाख.

म्हणजे ३६ लाख २५ हजार विरुद्ध ५२ लाख. अंतर १५ लाख ७५ हजार, आणि ते दुसऱ्या कशामुळे नाही, त्या ९० लाखांवर १२.५ ऐवजी ३० टक्के लागल्यामुळे आहे. १५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर चढवले की अंतर जवळपास १९ लाखांवर जातं. शेड-मशिनरीच्या नफ्याला अल्पकालीन म्हटलं तरी दर दीर्घकालीन मालमत्तेचाच लागावा, असे काही निकाल न्यायाधिकरणांनी करदात्यांच्या बाजूने दिले आहेत. पण वादाच्या भरवशावर विक्री बेतावी असं मला वाटत नाही. तशी वेळ आलीच तर हा मुद्दा हाताशी असू द्या.

सुट्या विक्रीचीही एक जमेची बाजू आहे आणि ती जमिनीत आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीवर निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, यातला कमी कर भरता येतो. तुमच्या जमिनीबाबतीत निर्देशांकाचा रस्ता एक-दोन लाखांनी स्वस्त पडेल. शिवाय जमीन-इमारतीच्या दीर्घकालीन नफ्यातले ५० लाखांपर्यंत कलम ५४ईसीच्या रोख्यांत गुंतवले तर तेवढ्यावर कर लागत नाही. पैसे मात्र पाच वर्षं अडकतात. स्लम्प सेलमध्ये यातलं काही मिळत नाही: नेटवर्थला निर्देशांक लावता येत नाही आणि धंदा ही काही जमीन-इमारत नसल्याने रोखेही उपयोगी नाहीत. तरी तुमच्यापुरतं एक टोकाचं गणित करा. समजा, काही तरी करून जमिनीवरचा कर पार शून्यावर आणला, म्हणजे १३ लाख ७५ हजार वाचवले. सुट्या विक्रीचा कर ५२ वरून ३८ लाख २५ हजारांवर येईल. ठोक विक्रीपेक्षा तो तरीही २ लाखांनी जास्तच.

हे चित्र उलटतं ते धंद्याची घडण वेगळी असते तेव्हा. बहुतेक नफा जुन्या, स्वस्तात घेतलेल्या जमिनीत असेल आणि यंत्रं पुस्तकी किमतीच्या आसपासच जाणार असतील, तर ३० टक्क्यांत जायला फार काही उरत नाही आणि जमिनीच्या सवलती सरस ठरतात. धंदा नवा असला तरीही हिशोब बदलतो. तो अल्पकालीन ठरला तर ठोक नफा अख्खाच्या अख्खा नेहमीच्या दराने करपात्र होतो. तीन वर्षांपेक्षा जुन्या धंद्याला ही धास्ती नाही.

हा पत्रव्यवहार वाचणाऱ्या आणखी एका गटासाठी लिहून ठेवतो. ज्यांच्या धंद्यात देणी मालमत्तेपेक्षा जास्त आहेत त्यांना वाटतं, नेटवर्थ शून्य धरायचं आणि मिळाली ती किंमत म्हणजे नफा. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने २०१२ मध्ये समिट सिक्युरिटीजच्या प्रकरणात सांगितलं की उणे नेटवर्थ उणेच धरायचं, म्हणजे ते किमतीत मिळवायचं. नेटवर्थ उणे ४० लाख आणि किंमत १ कोटी असेल तर नफा १ कोटी ४० लाख. मान्य करायला जड जातं, पण खरेदीदाराने तुमचं तेवढं ओझं उचललेलं असतं.

आता जीएसटी. चालू धंदा संपूर्ण किंवा त्याचा स्वतंत्र भाग हस्तांतरित केला तर त्यावर जीएसटीचा दर शून्य आहे. तुमच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात पडून असलेलं इनपुट क्रेडिटही आयटीसी-०२ फॉर्म भरून खरेदीदाराकडे वळवता येतं. त्याला सीएंचं प्रमाणपत्र लागतं आणि देणीही त्याच्याकडे जाताहेत हे करारात असावं लागतं. सुट्या विक्रीत मशिनरी आणि मालावर १८ टक्के धरले तर १ कोटी ८५ लाखांवर ३३ लाख ३० हजार जीएसटी येतो. ब्रँडचं नाव वेगळं विकलंत तर त्यावरही येतो. खरेदीदाराला त्याचं क्रेडिट मिळेल हे खरं, त्यामुळे हा खर्च नव्हे. पण व्यवहाराच्या दिवशी तेवढी रक्कम त्याला जादा उभी करावी लागते आणि ती वसूल व्हायला कित्येक महिने जातात. वाटाघाटीत हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, तो आवर्जून मांडा.

मग त्यांचा सल्लागार सुट्या बिलांचा आग्रह का धरतोय? त्याच्या बाजूनेही बघू. बिलावर १ कोटी ३० लाखांची मशिनरी दिसली की १५ टक्क्यांनी पहिल्याच वर्षी साडेएकोणीस लाखांचा घसारा बिनवादाचा मिळतो. ठोक किंमत दिली तर तीच किंमत त्याला स्वतःच्या पुस्तकात मूल्यांकन करून मालमत्तांवर वाटावी लागते, आणि आयकर अधिकारी त्या वाटपावर बोट ठेवू शकतो. त्याला हवं असतं की जास्तीत जास्त किंमत मशिनरी आणि मालावर दिसावी. जमिनीवर घसारा नसतो आणि गुडविलवरचा घसारा तर १ एप्रिल २०२० पासून बंदच झाला आहे. तुम्हाला नेमकं उलटं हवं, किंमत जमिनीवर आणि गुडविलवर. सुट्या विक्रीत प्रत्येक आकड्यावर ही ओढाताण होणार. ठोक विक्रीत ती होत नाही.

त्याची दुसरी भीती जास्त खरी आहे. धंदा सगळा घेतला की त्याचा भूतकाळही मागे येतो. हस्तांतरणाच्या दिवसापर्यंतचा तुमचा थकलेला जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे दोघांकडून मिळून वसूल होऊ शकतो. जुना आयकर, कामगारांचा पीएफ यांचंही तसंच. यावर तोडगा करारात असतो: जुन्या वर्षांची कुठलीही मागणी निघाली तर ती तुम्ही भरून द्याल असं वचन, आणि त्यासाठी काही रक्कम ठरावीक मुदतीपर्यंत त्याच्याकडे राहू देणं. ते ५० लाख बहुधा त्यासाठीच असावेत. तसं असेल तर ते करारात स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर वर्षभराने ते कुठल्या अटीवर मिळणार यावर वाद होईल.

त्या ५० लाखांबद्दल आणखी एक गोष्ट. पैसे हप्त्याने मिळाले तरी भांडवली नफा हस्तांतरणाच्या वर्षातच पूर्ण करपात्र होतो. रक्कम ठरलेली असेल, फक्त मुदतीने यायची असेल, तर ४ कोटींवरचा कर याच वर्षी भरावा लागेल, आणि तोही हस्तांतरणानंतर येणाऱ्या आगाऊ कराच्या हप्त्यांत. हातात साडेतीन कोटी आहेत असं समजून त्यातून लगेच दुसरीकडे गुंतवू नका. अधिभार-उपकर धरून साधारण ४३ लाख ३५ हजार वेगळे काढून ठेवा.

आता जिथे हातातला व्यवहार बिघडतो ती जागा, म्हणजे करारपत्र. वकील सवयीने शेवटी परिशिष्ट जोडतात: अमुक मशीन, अमुक किंमत. तिथेच सगळं संपलं. वस्तूवार किंमत ठरलेली सापडली की अधिकारी म्हणतो ही सुटी विक्री आहे आणि तुम्ही परत ५२ लाखांवर. यंत्रांची, मालाची, करारांची यादी जोडा, अवश्य जोडा, पण किमतीचा रकाना ठेवू नका. मुद्रांक शुल्कासाठी जमिनीची आणि शेडची किंमत दाखवावी लागेल. तिला घाबरू नका, केवळ मुद्रांक किंवा नोंदणी शुल्कासाठी काढलेली किंमत म्हणजे वस्तूवार किंमत लावणं नव्हे, असं कायद्यानेच म्हटलंय. बँक मशिनरीचं बिल मागतेय म्हणून खरेदीदार ‘फक्त बँकेसाठी’ एक वेगळं बिल मागेल. ते देऊ नका. त्याला पाहिजे तर त्याने हस्तांतरणानंतर स्वतःच्या मूल्यांककाकडून अहवाल करून घ्यावा. तो त्याच्या पुस्तकाचा विषय, तुमच्या करारात आणि पत्रव्यवहारात तो नको. किंमत ठरवताना झालेले ईमेलसुद्धा पुढे चौकशीत मागितले जाऊ शकतात, तेव्हा ‘मशीनचे १३०, जागेचे १५०’ असल्या भाषेत बोलणी लिहू नका.

खरेदीदार कदाचित म्हणेल, ४ कोटींतले ३० लाख ‘पुढे हा धंदा न करण्याचे’ म्हणून वेगळे लिहू. नाही म्हणा. त्यासाठी वेगळी दाखवलेली रक्कम कलम २८ खाली धंद्याचं उत्पन्न ठरू शकते, म्हणजे पुन्हा ३० टक्के. धंदा न करण्याची अट त्याच ठोक किमतीच्या बदल्यात कबूल केली तरी त्याचं काम भागतं.

जमीन विकण्याचा तुमचा विचार पक्का नसेल तर ती बाहेर ठेवून भाड्याने देणंही शक्य आहे. स्लम्प सेलसाठी प्रत्येक वस्तू गेलीच पाहिजे असं नाही, जे जातंय त्यावर धंदा स्वतःच्या पायावर चालू राहिला पाहिजे. साचे, कामगार, ऑर्डरी, परवाने, ब्रँड, येणी-देणी असं सगळं जात असेल आणि जागेचा दीर्घ मुदतीचा भाडेकरार असेल, तर तो चालता धंदाच आहे. पण नुसती मशिनरी आणि माल देऊन गिऱ्हाइकं आणि कामगार स्वतःकडे ठेवलेत, तर ठोक किंमत लिहिली म्हणून ती स्लम्प सेल होत नाही.

आणखी एक तपासणी सीए करतीलच. २०२१ पासून नियम ११यूएई प्रमाणे ठोक किंमत एका किमान मूल्याशी ताडून बघतात. त्यात जमीन-इमारत सरकारी दराने आणि बाकी वस्तू पुस्तकी किमतीने धरून देणी वजा करतात. तुमचं हे मूल्य २ कोटी ३५ लाख येतं, ४ कोटींच्या बरंच खाली, त्यामुळे प्रश्न नाही. नात्यातल्या कोणाला कमी किमतीत धंदा देणाऱ्यांनी मात्र हे आधी मोजावं, कारण मिळालेली किंमत त्याहून कमी असेल तर कर त्या जास्तीच्या आकड्यावर लागतो.

नेटवर्थचा हिशोब सीएंनी फॉर्म ३सीईए मध्ये प्रमाणित करायचा असतो, विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या एक महिना आधी. ऑडिट असलेल्यांची ती तारीख ३१ ऑक्टोबर असेल तर अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवा. हस्तांतरणाच्या दिवशीचा ताळेबंद त्यासाठी लागतो, म्हणून शक्यतो महिन्याच्या अखेरीचा दिवस ठरवा आणि त्या दिवशी मालाची मोजणी खरेदीदाराच्या माणसासमोर करून दोघांच्या सह्या घ्या. त्या आधी सल्लागाराशी बसाल तेव्हा तुमची बचत किती हे त्याला सांगायची गरज नाही, पण तुमच्या मनात १९ लाखांचा आकडा असू द्या. त्याने घसाऱ्याचं निमित्त काढून किंमत कमी मागितली, तर पाच-सात लाख सोडूनही ठोक विक्री तुम्हाला परवडते.